खोटं कोणी बोलायचं?

‘आईच्या बांगड्या मी कपाटात जपून ठेवल्या. धाकट्याने त्या कधी मागितल्यासुद्धा नाहीत.’ समजा, एका कथेत वसंतराव असं सांगताहेत. चार पानांनंतर तेच म्हणतात, ‘परवा पुन्हा त्याचा फोन. बांगड्यांचंच तुणतुणं.’ वाचक मागची पानं उलटतो आणि इथून पुढे वसंतरावांचं प्रत्येक वाक्य पारखून घेतो. अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१मध्ये अशा निवेदकाला ‘अविश्वसनीय’ हे विशेषण दिलं.

आता ‘मी’ काढून ‘वसंतराव’ घालू. ‘वसंतरावांनी बांगड्या कपाटात जपून ठेवल्या. धाकट्याने त्या कधी मागितल्या नाहीत.’ दुसरं वाक्य आता वसंतरावांचं राहिलं नाही, ते कथा सांगणाऱ्याचं झालं. पुढे फोनचा उल्लेख आला, तर वाचक लेखकालाच खोटा ठरवेल आणि ते रास्तच आहे.

म्हणजे पात्राच्या मनाला चिकटून चालणाऱ्या तृतीयपुरुषी निवेदनात ही कथा जमणारच नाही का? जमेल, पण खोटेपणाची जागा हलवावी लागेल. ‘धाकट्याने दोनदा बांगड्या मागितल्या होत्या. पण त्याला कसली आलीय हौस! बायकोने पढवलं असणार.’ मागितल्या ही घटना खरी आहे, तिचा लावलेला अर्थ तेवढा वसंतरावांचा. इथे ‘वसंतरावांना वाटलं’ असं जोडायचा मोह आवरायला हवा. ते दोन शब्द आले की निवेदक बाजूला उभा राहून बोट दाखवू लागतो आणि वाचक सावध होतो. ते नसले, तर वाचक नकळत वसंतरावांच्या बाजूने धाकट्यावर चिडतो.

जेन ऑस्टिनच्या ‘एमा’मध्ये (१८१५) हेच घडतं. एमा हॅरिएटचं चित्र काढते, एल्टन त्याची तोंड भरून स्तुती करतो, ते चौकटीत बसवून आणायला लंडनला जातो. हे सगळं खरंच घडतं. त्याचं मन हॅरिएटवर जडलंय हा मात्र एमाचा तर्क, आणि आपणही तो गिळतो. एल्टनला हवी असते स्वतः एमा. पुन्हा वाचताना एकही घटना खोटी निघत नाही.

त्यामुळे मसुदा हाती असेल, तर ‘मी’च्या जागी नाव घालून पाहावं आणि कोणती वाक्यं खोटी ठरतात ते तपासावं. घडलेल्या गोष्टीच खोट्या ठरत असतील आणि कथा त्यांच्यावरच उभी असेल, तर ‘मी’ सोडू नये. फक्त मतं डळमळत असतील, तर तृतीयपुरुष अधिक गोड फसवतो, असं माझं मत.

‘मी’ची अडचण वेगळीच. वसंतराव हे सांगताहेत कोणाला, आणि कधी? वकिलासमोर बसलेला माणूस फोनची गोष्ट गाळेल, सुनेपुढे तावातावाने ती स्वतःच काढेल. हे ठरवलं नसेल, तर चार पानांनंतरची ती चूक वसंतरावांची न वाटता लेखकाच्या विसराळूपणाची वाटते.