वीट किती भिजली म्हणजे पुरे?

मैत्रिणींनो, जमीन सारवायच्या आधी आपण काय करतो? हाताने पाणी शिंपडतो. कोरड्या जमिनीवर सारवण टाकलं तर जमीन त्यातलं पाणी लगेच पिऊन घेते, हात फिरत नाही, आणि वाळल्यावर पापुद्रे सुटतात. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण घराचं बांधकाम निघालं की हेच शहाणपण आपण गवंड्याच्या हवाली करतो आणि चहा करायला आत जातो. मीही तेच केलं होतं.

आमच्याकडे शौचालय बांधलं तेव्हा बारा हजारांचं अनुदान मिळालं आणि वरचे पैसे गटातून कर्ज काढून घातले. मे महिना होता. विटांचा ढीग उन्हात दोन आठवडे पडलेला. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, विटांवर पाणी मारा." मी सकाळी ढिगावर चार-पाच बादल्या ओतल्या. वरच्या विटा लाल गडद दिसल्या, मला वाटलं झालं काम. भिंत उभी राहिली, तिला आठवडाभर पाणीही मारलं. पण पहिल्या जोराच्या पावसात आतल्या बाजूने सांध्यासांध्यातून ओल उतरली. वरच्या थरातली एक वीट माझ्या मुलाने हाताने हलवून काढून दाखवली. तिच्या खालच्या अंगाला माल चिकटलेलाच नव्हता. वीट जशी भट्टीतून आली तशी स्वच्छ, आणि खालचा माल बोटाने खरवडला तर भुगा होत होता.

असं का झालं ते नीट समजून घेऊ. सिमेंट वाळून घट्ट होतं असं आपल्याला वाटतं, पण तसं नाही. सिमेंटची पाण्याशी क्रिया होते आणि त्यातून ते दगडासारखं होतं. त्याला पाणी कमी पडलं की क्रिया अर्धवट राहते, आणि तो माल फक्त सुकतो. भाजलेली वीट आतून बारीक छिद्रांनी भरलेली असते. नवा माठ पहिल्या दिवशी कसा पाणी पितो, तशीच ती पिते. नंतर मी घरकुलाच्या वेळी किराणा दुकानातल्या काट्यावर आमच्या विटा तोलल्या. कोरडी वीट ३ किलो भरली, आणि पूर्ण भिजल्यावर ३ किलो ४०० ग्रॅम. म्हणजे एकेका विटेची तहान जवळपास ४०० मिली पाण्याची. उलट एका विटेभोवती जेवढा माल बसतो, त्यातलं सगळं पाणी एकत्र केलं तरी पाव लिटर भरत नाही. कोरडी वीट मालावर ठेवली की ती दोन-चार मिनिटांत त्यातलं बरंचसं पाणी ओढून घेते. माल ताठ होतो, विटेला टेकतो पण तिला धरत नाही, आणि आक्रसून दोघांमध्ये केसाएवढी फट राहते. पावसाचं पाणी त्या फटीतूनच आत येतं.

"नंतर पाणी मारलंच की," असं मीही म्हणाले होते. भिंतीला सात-आठ दिवस पाणी मारायलाच हवं, त्याने माल पक्का होतो. पण वीट आणि माल यांची पकड पहिल्या काही मिनिटांत बसते. ती एकदा सुटली की बाहेरून कितीही पाणी मारलं तरी जोडली जात नाही.

मग वीट जितकी ओली तितकी चांगली? तेही नाही, आणि इथेच बऱ्याच जणी फसतात. विटेने थोडं पाणी ओढायलाच हवं. त्या ओढीबरोबर सिमेंटचं दूध विटेच्या छिद्रांत शिरतं, तिथे घट्ट होतं, आणि रोपाची मुळं मातीत रुजावीत तसं विटेला धरतं. पिंपातून काढलेली निथळती वीट तशीच लावली तर तिच्या अंगावर पाण्याचा थर असतो. सिमेंटला आत जायला वाट राहत नाही. वीट मालावर पोहते, थापीने ठोकली की सरकते, सांध्यातून पातळ माल ओघळतो. अशा भिंतीवर भराभर थर चढवले तर खालचे थर दबून भिंत ओळंब्यातून बाहेर जाते.

थोडक्यात, वीट आतून भिजलेली आणि अंगाने सुकलेली हवी. आता हे ओळखायचं कसं?

गवंडी सांगतात की पाण्यात टाकलेल्या विटेतून बुडबुडे यायचे थांबले की ती भिजली. ही खूण चांगली आहे, कारण पाणी आत शिरतं तशी आतली हवा बाहेर पडते. पण शेवटी शेवटी बुडबुडे इतके बारीक येतात की गढूळ पाण्यात दिसत नाहीत. बांधकाम खात्याच्या नियमांत याहून खात्रीची रीत आहे आणि ती आपल्या अंगणात करता येते. काही विटा वेगवेगळा वेळ पाण्यात ठेवायच्या, मग फोडून पाहायच्या. कमीत कमी जेवढ्या वेळात वीट गाभ्यापर्यंत भिजते, तेवढा वेळ आपल्या विटांसाठी धरायचा.

घरकुलाच्या वेळी मी तसंच केलं. एकाच गाडीतल्या चार विटा घेतल्या, सारख्या रंगाच्या. चारही एकदम पिंपात टाकल्या. पहिली अर्ध्या तासाने काढून हातोडीने मधोमध फोडली. कडेने गडद ओला पट्टा आणि मध्ये तळहाताएवढा फिकट, कोरडा भाग. दुसरी तासाभराने फोडली, तिच्या पोटात सुपारीएवढा फिकट ठिपका उरला होता. तिसरी दोन तासांनी फोडली, ती आरपार एका रंगाची. चौथी चार तासांनी, तीही तशीच, म्हणजे जास्त ठेवून काही फायदा नव्हता. आमच्या विटांना दोन तास पुरे, असं ठरलं. तुमच्या विटांना कदाचित एकच तास लागेल, कदाचित तीन. माती आणि भाजणी गावागावाला वेगळी असते, म्हणून माझा आकडा घेऊ नका, चार विटा फोडा. त्या वायाही जात नाहीत, अर्धुके भिंतीच्या टोकाला लागतातच.

आता पाण्याचा हिशोब, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं हाच प्रश्न असतो. एक गवंडी आणि एक बिगारी दिवसात साधारण ५०० विटा लावतात असं धरा. प्रत्येकी ४०० मिली म्हणजे २०० लिटर पाणी विटा पितात. १५ लिटरचा हंडा धरला तर १३-१४ हंडे. हे पाणी ढिगावर ओतलं तर त्यातलं निम्मं मातीत जातं आणि ढिगाच्या आतल्या विटा कोरड्याच राहतात, हीच माझी शौचालयाच्या वेळची चूक. पिंपात बुडवल्या तर पाणी वाया जात नाही, जेवढं पितात तेवढंच वरून भरायचं. २०० लिटरच्या पिंपात साधारण पन्नासेक विटा मावतात. आम्ही शेजारणीची दोन पिंपं मागून आणली, आणि खड्डा खणून त्यात जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला. त्या खड्ड्यात एका वेळी दोनशेच्या वर विटा बसल्या. सकाळच्या विटा आदल्या संध्याकाळी टाकल्या आणि पहाटे काढून रचल्या. पाणी गोडं हवं. खारट पाण्यात भिजवलेल्या विटांना पुढे पांढरा खार फुटतो.

पाण्यातून काढल्यावर विटा एकावर एक चिकटवून ठेवू नका. सावलीत, मध्ये बोटभर जागा ठेवून, कडेवर उभ्या रचा. निथळायला साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास लागतो, ऊन-वाऱ्याप्रमाणे कमीजास्त. विटेवरची चमक गेली, तळहात टेकवला तर गार लागतो पण हाताला पाणी लागत नाही, अशा वेळी वीट लावायला तयार. दुपारच्या उन्हात रचलेल्या विटा पुन्हा अंगाने कोरड्या पडतात, त्यांवर ओलं गोणपाट टाका. पावसाळ्यात उलटं करायचं. विटा आधीच भिजलेल्या असतात, तेव्हा ढीग झाकून ठेवायचा.

एकाच गाडीत तीन जातीच्या विटा येतात, हेही लक्षात असू द्या. जास्त भाजलेली, काळपट, खणखणीत वाजणारी वीट फार कमी पाणी पिते. ती दोन तास ठेवायची गरज नाही, नुसती बुचकळून धूळ धुतली की झालं. नीट भाजलेली लाल वीट आपली नेहमीची. आणि फिकट, कच्ची वीट पाण्यात टाकली की तिच्या कडा मऊ पडतात, नखाने ओरखडा उठतो, पाणी लाल होतं. अशी वीट भिंतीत घेऊच नका. भिजवण्याचा हा एक फायदा, भट्टीवाल्याने काय दिलं ते पिंपात कळतं.

काम चालू असताना एक तपासणी करा आणि ती मिस्त्रींना सांगूनच करा, नाहीतर ते रागावतात. नुकतीच लावलेली वीट चार-पाच मिनिटांनी सरळ वर उचलायला सांगा. खालच्या बाजूला सगळीकडे माल लागून आला असेल तर पकड बसते आहे. वीट स्वच्छ निघाली आणि खालचा माल कोरडा, भुसभुशीत दिसला तर विटा तहानलेल्या आहेत. वीट सहज घसरून आली आणि मालावर पाणी चकाकलं तर विटा निथळल्या नाहीत. उचललेली वीट आणि तिथला माल दोन्ही साफ करून नवा माल टाकून मगच ती परत लावायची, त्याच मालावर दाबून बसवायची नाही. आमच्या मिस्त्रींना पहिल्या दिवशी हे आवडलं नाही. तिसऱ्या दिवशी तेच स्वतः वीट उचलून मला दाखवत होते.

हे सगळं भाजलेल्या मातीच्या विटांबद्दल आहे. तुमचं काम सिमेंटच्या ब्लॉकचं असेल तर ते पाण्यात बुडवू नका. सिमेंटचा ब्लॉक भिजला की किंचित फुगतो आणि भिंतीत वाळताना आक्रसतो, त्यामुळे भिंतीला तडे जातात. कडक उन्हात लावण्याआधी त्याचं वरचं अंग ओल्या फडक्याने किंवा ब्रशने ओलसर केलं तरी भागतं.