पॉइंटरचा हिशेब

सत्राचा निकाल लागला की कॉलेजच्या कट्ट्यावर एकच प्रश्न फिरत असतो : ‘पॉइंटर किती आला?’ पालकांच्या पिढीला टक्के कळत, वर्ग कळत. मुलांच्या ग्रेडकार्डावर मात्र ७.५७ असा आकडा असतो आणि तो कुठून आला हे घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. खरे तर सातवी-आठवीचा गुणाकार-भागाकार येणाऱ्याला हा हिशेब दहा मिनिटांत मांडता येतो.

सुरुवात क्रेडिटपासून, म्हणजे श्रेयांकापासून करावी लागते. सत्रभर आठवड्याला एक तास चालणारे व्याख्यान म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिक असेल तर आठवड्याचे दोन तास मिळून एक क्रेडिट. त्यामुळे चार क्रेडिटचा गणिताचा पेपर आणि दोन क्रेडिटचा पर्यावरणाचा पेपर ग्रेडकार्डावर एकाखाली एक छापलेले असले, तरी हिशेबात पहिल्याचे वजन दुसऱ्याच्या दुप्पट असते.

दुसरा आकडा ग्रेड पॉइंटचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने सुचवलेल्या दहा गुणांच्या पट्टीत ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५, ‘पी’ला ४ आणि नापासाच्या ‘एफ’ला शून्य पॉइंट मिळतात. गैरहजर राहिले तरी शून्यच. किती गुणांना कोणती ग्रेड द्यायची, हे मात्र विद्यापीठागणिक बदलते.

आता विज्ञान शाखेच्या पहिल्या सत्रातल्या एका विद्यार्थिनीचा नमुना तक्ता पाहू.

| विषय | क्रेडिट | ग्रेड | पॉइंट | क्रेडिट × पॉइंट |
|---|---|---|---|---|
| भौतिकशास्त्र | ४ | ए | ८ | ३२ |
| भौतिकशास्त्र प्रात्यक्षिक | २ | ओ | १० | २० |
| गणित | ४ | बी | ६ | २४ |
| रसायनशास्त्र | ४ | बी प्लस | ७ | २८ |
| इंग्रजी | २ | ए प्लस | ९ | १८ |
| मराठी | २ | ओ | १० | २० |
| पर्यावरण | २ | ए प्लस | ९ | १८ |
| एकूण | २० | | | १६० |

शेवटच्या रकान्याची बेरीज १६०, क्रेडिटची बेरीज २०. भागाकार ८.००. हाच त्या सत्राचा एसजीपीए, म्हणजे सत्राची सरासरी. तिने नुसते सात विषयांचे पॉइंट मिळवून सातने भागले असते, तर ५९ भागिले ७, म्हणजे ८.४३ आले असते. हा फरक कुठून आला ते तक्त्यातच दिसते. तिचे नऊ आणि दहा पॉइंट सगळे दोन क्रेडिटच्या विषयांत आहेत. सहा आणि सात पॉइंट चार क्रेडिटच्या विषयांत आहेत. मोठ्या विषयाने सरासरी खाली ओढली.

दुसऱ्या सत्रात तिचे २२ क्रेडिट होते आणि चार क्रेडिटच्या गणितात तिला केटी लागली. उरलेल्या १८ क्रेडिटच्या विषयांत तिने १३८ कमावले. इथे बहुतेक मुले चुकतात. नापास विषय हिशेबातून वगळून १३८ भागिले १८ करतात आणि ७.६७ पाहून सुटकेचा श्वास सोडतात. पण गणिताचे पॉइंट शून्य असले, तरी त्याचे चार क्रेडिट खालच्या बेरजेत राहतातच. खरा भागाकार १३८ भागिले २२, म्हणजे ६.२७. काही विद्यापीठे केटी सुटेपर्यंत हा आकडा ग्रेडकार्डावर छापतच नाहीत. तेव्हा तर स्वतः मांडलेल्या तक्त्यावाचून अंदाज येत नाही.

पुढच्या परीक्षेत गणित ‘सी’ ग्रेडने सुटले. शून्याच्या जागी पाच आले, चार गुणिले पाच म्हणजे वीसची भर पडली. बेरीज १५८ झाली आणि सत्राची सरासरी ७.१८.

दोन सत्रांची मिळून जी सरासरी, ती सीजीपीए. तीही त्याच रीतीने काढतात : १६० आणि १५८ मिळून ३१८, क्रेडिट २० आणि २२ मिळून ४२, भागाकार ७.५७. इथे ८.०० आणि ७.१८ यांची मधली किंमत काढली तर ७.५९ येते. फरक दोन शतांशांचा असला, तरी एखाद्या ठिकाणी किमान ७.५ची अट असेल आणि कुणी त्या रेषेवर उभे असेल, तर तेवढ्यानेही दार उघडते किंवा बंद होते. म्हणून सत्रांच्या सरासऱ्या जपून ठेवण्यापेक्षा प्रत्येक सत्राच्या त्या दोन बेरजा जपून ठेवाव्यात.

हा तक्ता संगणकावर केला तर काम आणखी सोपे होते. बी रकान्यात क्रेडिट, सी रकान्यात पॉइंट, आणि सात विषयांसाठी एकच सूत्र :

```
=SUMPRODUCT(B2:B8,C2:C8)/SUM(B2:B8)
```

एक काळजी घ्यायची. एखाद्या विषयाचा निकाल राखून ठेवलेला असेल आणि त्याच्या पॉइंटचा चौकोन रिकामा असेल, तर हे सूत्र तिथे शून्य धरते आणि क्रेडिट मात्र मोजते. सरासरी विनाकारण कोसळलेली दिसते. निकाल लागेपर्यंत त्या विषयाचे क्रेडिटही पुसून ठेवावे. चौकोनात आकड्याऐवजी ‘ए’ अशी ग्रेड टाइप केली, तरी तीच गत होते.

नोकरीच्या अर्जात टक्के विचारले की पुढचा गोंधळ सुरू होतो. पॉइंटरला साडेनऊने गुणायची सवय अनेकांना आहे. ती सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या ग्रेड पद्धतीतून आली. कॉलेजला ती आपोआप लागू होत नाही. तंत्रशिक्षण परिषदेच्या प्रचलित सूत्रात पॉइंटरमधून ०.७५ वजा करून दहाने गुणतात. ७.५७चे साडेनऊच्या हिशेबाने ७१.९ टक्के होतात, परिषदेच्या सूत्राने ६८.२. म्हणून आपल्या विद्यापीठाने दिलेले सूत्रच वापरावे. ते पुष्कळदा ग्रेडकार्डाच्या मागच्या बाजूला छापलेले असते.

तक्त्याचा सर्वांत मोठा उपयोग मात्र उलट्या हिशेबाचा आहे. या विद्यार्थिनीची पदवी १२६ क्रेडिटची आहे असे धरू, आणि तिला शेवटी सीजीपीए ८ हवा आहे. १२६ गुणिले ८ म्हणजे १००८. त्यातले ३१८ जमा आहेत, ६९० उरले. क्रेडिट उरले ८४. म्हणजे पुढच्या चार सत्रांत तिला सरासरी ८.२१ ठेवावी लागेल. पहिल्या सत्रात तिने ८ मिळवले होते, तेव्हा हे आवाक्यातले आहे.

तिने दुसरे वर्षही पहिल्यासारखेच काढले, तर ८४ क्रेडिटवर ६३६ जमा होतील आणि शेवटच्या ४२ क्रेडिटमध्ये ३७२ कमवावे लागतील. तेव्हा लागणारी सरासरी ८.८६ असेल. म्हणजे तिसऱ्या वर्षात जवळपास प्रत्येक विषयात ‘ए प्लस’. हा उलटा हिशेब मुलांनी पहिल्या वर्षाचा निकाल हातात येताच मांडावा. तेव्हा सुधारायला ८४ क्रेडिट शिल्लक असतात, वर्षभराने त्यातले निम्मेच उरतात.