फोन पडला आणि चार्जिंग बंद झालं? दुरुस्तीला पैसे देण्याआधी हे तपासा

गेल्या आठवड्यात आमच्या एका सभासदाचा फोन उणकल तळ्याच्या काठावर दगडी पायरीवर पडला. पॉवर बँकची वायर लावलेलीच होती. काच फुटली नाही, फोनही चालू होता, बॅटरी चाळीस टक्के होती. पण त्यानंतर चार्जिंगची खूणच येईना. दुकानात दाखवला तर न उघडताच सांगितलं, "बोर्ड गेलंय, नवीनच घ्या." कारवारहून येणाऱ्या मालाच्या गाडीवाल्याचा फोन, गिऱ्हाइकांचे पैसे, सगळं त्याच एका फोनवर. म्हणून आम्ही बसून नीट तपासलं. तेच इथे क्रमाने सांगतो.

आधी बॅटरी बघा. मागचं झाकण उचललं गेलंय का, फोन फुगलाय का, न वापरताही गरम लागतोय का, वेगळा वास येतोय का? यातलं एकही असेल तर चार्जिंगला लावू नका, दाबू नका. फोन बंद करून थेट दुकानात न्या. बाकीच्या तपासण्या करत बसू नका.

मग वायर आणि चार्जर. वायर लावलेली असताना फोन पडला तर मार आधी वायरच्या टोकावर बसतो. म्हणून दोन्हीकडून बघा: दुसऱ्याची वायर आणि चार्जर आपल्या फोनला, आणि आपली वायर दुसऱ्याच्या फोनला. फोन पूर्ण बंद पडला असेल तर अर्धा तास तसाच लावून ठेवा, अगदी रिकामी बॅटरी लगेच खूण दाखवत नाही.

नंतर चार्जिंगचं छिद्र. फोन बंद करून टॉर्चने आत बघा. खिशातला कापूस, वाळू, खवला आत दाबून बसला असेल तर वायर पूर्ण आत जात नाही आणि सैल हलते. लाकडी टूथपिकने हळूच काढा. सुई, पिन घालू नका. टाईप-सी मध्ये मधली पातळ पट्टी असते, ती मोडली की खरंच खर्च लागतो. आत हिरवट-पांढरं दिसलं तर ते पाण्याने चढलेलं गंजणं आहे, पडण्याने झालेलं नाही. आत ओल असेल तर पूर्ण सुकेपर्यंत वायर लावू नका.

टाईप-सी वायर उलटी करून लावा. एका बाजूने चार्ज होतो आणि दुसऱ्या बाजूने नाही, असं झालं तर दोष बहुधा छिद्रातल्या पिनांमध्ये किंवा वायरच्या टोकात. वायर बदलूनही तसंच राहिलं तर छिद्र.

शेवटी कॉम्प्युटरला लावा. डेटा जाणारी चांगली वायर घ्या, काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात. कॉम्प्युटरला फोन दिसला, तर छिद्रापासून आतपर्यंतचा रस्ता बराचसा शाबूत आहे. अशा वेळी दोष बॅटरीत किंवा चार्जिंगच्या चिपमध्ये असू शकतो. काहीच दिसलं नाही, तर संशय छिद्रावर किंवा त्याला जोडणाऱ्या पट्टीवर.

आमच्या सभासदाच्या फोनमध्ये दुसऱ्या वायरने काही झालं नाही, छिद्र स्वच्छ होतं, वायर उलटूनही फरक पडला नाही, आणि कॉम्प्युटरला फोन दिसला नाही. पण फोन बॅटरीवर चालू होता, म्हणजे बॅटरी आणि मुख्य बोर्ड काम करत होते. बऱ्याच फोनमध्ये छिद्र खालच्या वेगळ्या छोट्या बोर्डवर असतं. त्याला दुकानदार 'सब बोर्ड' म्हणतात. तो एका चपट्या पट्टीने मुख्य बोर्डला जोडलेला असतो, आणि मार बसला की त्या पट्टीचं टोक सुटू शकतं.

दुसऱ्या दुकानात आम्ही एवढंच म्हटलं, "दादा, आधी उघडून पट्टी बघा, मगच पार्ट बदला." टोक उचललेलंच निघालं. दाबून बसवलं, चार्जिंग सुरू झालं. फक्त उघडण्याची मजुरी लागली. सगळ्यांचंच असं होईल असं नाही. छिद्र मोडलं असेल तर बहुधा सब बोर्ड बदलावा लागतो, पण तेव्हाही अख्खा बोर्ड बदलायची गरज नसते.

दुकानात जाण्याआधी फोन चालू आहे तोवर फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून घ्या. काम सुरू होण्याआधी दर ठरवा, आणि बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या. फोन वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सेंटरवर विचारा. पडल्याने झालेलं नुकसान बहुधा त्यात धरत नाहीत, आणि बाहेर उघडला तर उरलेली वॉरंटीही जाऊ शकते.

आणखी एक. एकदा उघडलेला फोन पाण्याला पहिल्यासारखा टिकत नाही, कारण आतलं सील सुटतं. त्यानंतर होडीत नेताना तो प्लास्टिकच्या बंद पाकिटातच ठेवा, आणि वायर लावलेला फोन होडीच्या काठावर तर ठेवूच नका.