चोवीस ग्रॅमचा हिशेब

पुण्यात मेसवर जेवणारा, संध्याकाळी जिमला जाणारा, ६० किलो वजनाचा एक विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. सकाळी एक प्लेट पोहे आणि चहा, म्हणजे साधारण ६ ग्रॅम प्रथिने. दुपारी तीन पोळ्या, भाजी, वरण-भात मिळून १८. जिमच्या आधी चहा-बिस्किटे, जेमतेम २. रात्री मात्र पाच उकडलेली अंडी, तीन पोळ्या आणि पेलाभर दूध, म्हणजे ४७. दिवसाची बेरीज ७३ होते आणि त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग एकट्या रात्रीच्या ताटात असतो.

त्याला लागतात किती? वजनांच्या व्यायामावरच्या ४९ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिने वाढवून स्नायूंच्या वाढीत सरासरीने फारसा फरक पडत नाही, असे त्यात दिसले. ६० किलोला हा आकडा ९६ ग्रॅम येतो. चार जेवणांत सारखा वाटला, तर प्रत्येक वेळी २४. तुमचे वजन वेगळे असेल, तर किलोला ०.४ ने गुणा. ७० किलोच्या मुलाला दर जेवणाला २८ ग्रॅम लागतील.

सारखे वाटायचे कशासाठी? प्रथिने पोटात गेली की स्नायूंची बांधणी काही तास वेग घेते आणि मग पुन्हा मंदावते. चरबी साठते तसा प्रथिनांचा वेगळा साठा शरीर करत नाही. २०१३ च्या एका प्रयोगात व्यायामानंतरच्या १२ तासांत ८० ग्रॅम व्हे प्रथिन तीन प्रकारे वाटून दिले होते. दर तीन तासांनी २० ग्रॅम घेणाऱ्यांच्या स्नायूंची बांधणी, दोनदा ४० किंवा आठदा १० ग्रॅम घेणाऱ्यांपेक्षा जास्त झाली. तरी ‘एका वेळी ३० ग्रॅमच्या वरचे सगळे वाया जाते’ हा जिममधला समज खरा नाही. २०२३ साली नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी एकाच वेळी १०० ग्रॅम प्रथिन देऊन पाहिले, तेव्हा ते सावकाश पचत राहिले आणि बांधणीही बराच जास्त वेळ चालली. म्हणून माझ्या मते पहिला मान दिवसाच्या बेरजेला आणि दुसरा वाटणीला. पण मेसवरच्या मुलाला वाटणीचा मोठा व्यावहारिक फायदा आहे: रात्रीच्या एका ताटात सगळी तूट भरून काढणे पोटाला झेपत नाही.

आता त्याच विद्यार्थ्याचा दिवस नव्याने मांडू. सकाळी पोह्यांचे ५ ग्रॅम, दोन अंड्यांचे १२ आणि २५० मिली दुधाचे ८, म्हणजे २५. दुपारचे जेवण तेच ठेवून मटकीच्या उसळीची एक वाटी वाढवली, की १८ चे २५ होतात. संध्याकाळी मूठभर नव्हे, मोजून ५० ग्रॅम फुटाणे, दोन अंडी आणि चहा, म्हणजे २४. रात्री तीन पोळ्या, वरण आणि २५ ग्रॅम सोया चंक्सची भाजी, म्हणजे २६. बेरीज १००. वरचे ४ ग्रॅम मुद्दाम ठेवले आहेत, कारण पोळी आणि डाळीची प्रथिने अंड्या-दुधाइतकी पूर्ण पचत नाहीत. अंडी न खाणाऱ्याने दोन अंड्यांच्या जागी ७० ग्रॅम पनीर घ्यावे.

हिशेब चुकतो तो बहुतेक वजनात. सोया चंक्सचे २५ ग्रॅम हे कोरडे वजन आहे. भिजल्यावर ते जवळजवळ तिप्पट भरतात, त्यामुळे भिजवलेले २५ ग्रॅम मोजले तर १३ ऐवजी ४-५ ग्रॅमच प्रथिने मिळतात. अंडे ५० ग्रॅमचे असले तरी त्यातली प्रथिने ६ ग्रॅमच. मेसच्या वरणाचे तर विचारूच नका. वाटी थोडा वेळ तशीच ठेवा: वर पाणी आणि तळाशी जरासा डाळीचा थर दिसला, तर ४ ग्रॅमऐवजी २ धरा. प्रथिनांच्या पावडरीत डब्यावर लिहिलेले ‘दर स्कूपमागे प्रथिने’ वाचा, स्कूपचे एकूण वजन नव्हे. साधारण २४ ग्रॅमचा एक स्कूप संध्याकाळच्या खाण्याची जागा घेऊ शकतो, पण वरच्या दिवसात त्याची गरज नाही.

एकूण खाणे कमी पडले, तर शरीर हीच प्रथिने इंधन म्हणून वापरते. आठवड्यातून तीन दिवस सकाळी उपाशीपोटी वजन करून सरासरी लिहून ठेवा. महिनाभरात ती हललीच नाही आणि उचलायची वजनेही वाढली नाहीत, तर पाचवे अंडे वाढवू नका. भात, पोळी आणि शेंगदाणे वाढवा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही सुरू करू नये.