अंदमान की तारकर्ली?

नवविवाहित जोडप्यात एकाला तासातासाचा आराखडा हवा असतो, दुसऱ्याला मोकळे दिवस. हा वाद बराचसा ठिकाण निवडतानाच सुटतो. अंदमानात श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) ते स्वराज द्वीप हा प्रवास फेरीबोटीने होतो. फेऱ्या मोजक्या, तिकिटे आधी काढावी लागतात आणि समुद्र खवळला तर फेरी रद्द होते. म्हणून परतीच्या विमानाआधीची रात्र श्री विजयपुरमलाच काढावी. हा नियम मोडू नये. बेटावरचे दिवस मात्र खुशाल मोकळे ठेवावेत, राधानगर किनारा तिथेच आहे. तारकर्लीला रस्त्याने जाता येते. तिथे खोली ठरली की पुरे. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी मालवण धक्क्यावरून मिळते, पावसाळ्यात ती बंद असते.