भोपळ्याचं एकच गिऱ्हाईक

मिरजेतल्या एखाद्या सतारमेकरने आर्थिक पानाच्या बातमीदाराला ईमेल लिहायचा ठरवला, की पहिलं वाक्य बहुधा असं येतं: ‘आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ही कला जपली जात असून, कृपया प्रसिद्धी द्यावी.’ असे ईमेल रोज येतात आणि न वाचता पुसले जातात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तीही बातमी आता शिळी.

खरी गोष्ट भोपळ्यात आहे. तंबोऱ्याच्या भोपळ्याचा वेल पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात वाढतो. तो कडू भोपळा भाजीला चालत नाही, त्यामुळे वाद्यवाल्यांनी पाठ फिरवली तर शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक नाही. उलट, अतिपावसात वेल कुजला तर कारखानदाराला दुसरा माल नाही. दोघंही एकमेकांच्या हातात अडकलेले. आर्थिक बातमीदाराला हे लगेच कळतं, कारण कच्चा माल, भाव आणि जोखीम हाच त्याचा विषय.

मग ईमेल साधारण असा होईल:

‘विषय: कुणीही न खाणाऱ्या पिकावर चालणारा मिरजेचा तंबोरा

नमस्कार,
आमच्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर भागातून येतो. हे पीक वाद्यवाल्यांशिवाय कुणी घेत नाही. पाऊस बिघडला की आमची वर्षाची घडी विसकटते. गेल्या तीन हंगामांची खरेदीबिलं दाखवू शकतो. भोपळा पिकवणारे शेतकरी बोलायला तयार आहेत. आमच्याच गल्लीतले दुसरे कारागीरही बोलतील. त्यांचं मत आमच्यापेक्षा वेगळं आहे. भोपळे उतरवण्याच्या दिवसांत शेतावर नेऊ शकतो.’

खाली नाव, मोबाइल नंबर. बस्स.

यातलं सगळ्यात वजनदार वाक्य दुसऱ्या कारागिराचं आहे. मालकाने स्वतःबद्दल काहीही सांगितलं तरी बातमीदाराला ते बाहेरच्या माणसाकडून पडताळावं लागतंच. तो माणूस आपणच समोर आणून दिला की त्याचं अर्धं काम होतं. मात्र शेतकऱ्याला आधी विचारून घ्यावं. फोन गेल्यावर ‘मला काही माहीत नाही’ असं उत्तर आलं, तर बातमी तिथेच संपली. बिलं दाखवायची तयारी नसेल तर त्यांचा उल्लेखच करू नये. ‘जगात फक्त आमच्याकडेच’ हेही नको. कलकत्त्यातही सतारी बनतात, आणि एक खोटं निघालं की बाकीचंही संशयात येतं.

दहा जड फोटो जोडू नयेत; एखादा पुरे, बाकीचे मागितल्यावर द्यावेत. एकच ईमेल वीस बातमीदारांना ढकलला तर प्रत्येकाला वाटतं, दुसरा छापेलच. म्हणून ज्याने शेतमाल किंवा लघुउद्योगावर लिहिलं आहे असा एक बातमीदार निवडावा. आठवड्याने एकदा आठवण करावी. तरीही उत्तर आलं नाही, तर त्याला तसं कळवून दुसऱ्याला लिहावं.