शंभरातले हाती किती?

समजा, यवतमाळच्या एका क्लासने पोलीस भरतीच्या सराव परीक्षांचं अ‍ॅप काढलं. वर्गणी महिन्याला १०० रुपये, जीएसटी वेगळा. दारव्ह्याचा मुलगा भरो की वणीची मुलगी, दोघांचे जातात शंभरच. क्लासच्या हाती किती उरतात, हे मात्र पैसे कुठून भरले त्यावर ठरतं.

अँड्रॉइड फोनवर अ‍ॅपमध्येच भरले, तर गूगल आपली अडत आधी कापून घेतं. जानेवारी २०२२मध्ये वर्गणीवरचा हा दर पहिल्या महिन्यापासूनच १५ टक्के झाला. म्हणजे हाती ८५. अ‍ॅपलचा नेहमीचा दर पहिल्या वर्षी ३० टक्के आणि त्या ग्राहकाचं वर्ष भरल्यावर १५. वर्गणी ६० दिवसांहून जास्त खंडली, तर वर्षाची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. भरती झाली की मुलं अ‍ॅप सोडतात, तेव्हा असलं वर्ष भरणार कधी? छोट्या व्यावसायिकांसाठी अ‍ॅपलची १५ टक्क्यांची सवलत आहे, पण त्यासाठी स्वतः नाव नोंदवावं लागतं.

तीच वर्गणी क्लासच्या संकेतस्थळावर भरली, तर पेमेंट गेटवे साधारण दोन रुपये घेतो. हाती ९८.

मग गूगलवर राहून गेटवे आपला लावला तर? ऑक्टोबर २०२२मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या बिलिंग नियमांवरून गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड ठोठावला. त्यानंतर भारतात दुसरा पेमेंट पर्याय खुला झाला, पण अडत फक्त चार टक्क्यांनी उतरली. ११ गूगलचे, दोन गेटवेचे, हाती ८७. फायदा दोन रुपयांचा. कारण कापले जातात ते पैसे गोळा करण्याचे कमी आणि दुकानात जागा दिल्याचे जास्त. याच वादात मार्च २०२४मध्ये शादी डॉट कॉमसारखी अ‍ॅप्स काही दिवस प्ले स्टोअरवरून उतरवली गेली होती.

तरी संकेतस्थळाचा ९८ हा आकडा फसवा आहे. अ‍ॅपमध्ये शंभर जणांनी भरले तर ८,५०० मिळतात. तेवढेच संकेतस्थळावरून मिळवायला ८७ जण लागतात. ब्राउझर उघडणं, लॉगिन, यूपीआय ऑटोपेची मंजुरी या वाटेवर तेरापेक्षा जास्त गळाले, तर वाचवलेली अडत गेलीच.

गळती नूतनीकरणातही होते. समजा, संकेतस्थळावर ९० जण आले, तर पहिल्या महिन्यात ८,८२० मिळतील आणि क्लासवाला खूश होईल. तिसऱ्या महिन्यात काहींचा हप्ता बँकेकडून परत आला, काहींनी मंजुरीच रद्द केली आणि उरले ५०, म्हणजे ४,९००. अ‍ॅपमध्ये तेव्हा ६० टिकले असतील, तर तिथे ५,१०० येतात. म्हणून हिशेब दर ग्राहकामागे मांडू नये. ‘वर्गणी भरा’ बटण दाबणाऱ्या दर शंभरांमागे, तीन महिन्यांचा मांडावा.